कठड्याचा पाइप हाताने वाकवताना: खुणा कुठे करायच्या, घडी कशी टाळायची

घरापुढच्या चार पायऱ्यांना एकाच पाइपचा कठडा करायचा, मध्ये एकही जोड नाही, असं काम नवशिक्याने पहिल्यांदा हाती घेतलं की दोन गोष्टी हमखास चुकतात. बेंड हवा तिथे न येता दोन-चार इंच पुढे-मागे येतो. नाहीतर बेंडच्या आतल्या बाजूला पाइप घडी पडून बसतो. दोन्ही चुकांचं मूळ बेंडरचा दांडा ओढण्याच्या आधी असतं: पहिलीचं खुणांमध्ये, दुसरीचं पाइप, डाय आणि रोलर एकमेकांना कसे बसलेत त्यात. म्हणून या लेखात दांडा ओढण्याबद्दल थोडंच आहे आणि त्याआधीच्या तयारीबद्दल बरंच.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ठेवू. पायऱ्यांची उंची १५० मिमी, पायरीची रुंदी ३०० मिमी, चार उठाव चढून वर ओटा. पाइप जमिनीतून सरळ उभा येतो, पायऱ्यांच्या उताराने वर जातो, ओट्यावर थोडा आडवा होतो आणि पुन्हा काटकोनात खाली ओट्यात उतरतो. म्हणजे तीन बेंड, सगळे एकाच दिशेला आणि एकाच पातळीत.

कोणता पाइप आणि कोणता बेंडर

यासाठी मी २५ एनबीचा, मध्यम वर्गाचा एमएस पाइप घेईन. एनबी म्हणजे नॉमिनल बोअर, पाइपचं नावापुरतं माप, आणि एमएस म्हणजे साधं मऊ पोलाद. दुकानात या पाइपला 'एक इंची, बी क्लास' म्हणतात. त्याचा बाहेरचा व्यास २५ नव्हे, ३३.७ मिमी असतो आणि भिंत साधारण ३.२ मिमी जाड. मुठीत छान बसतो आणि हाताने वाकवण्याच्या आवाक्यात असतो. दीड मीटरच्या दांड्यावर साधारण ५० ते ६० किलोचा जोर लागतो. त्याच्या पुढचा ३२ एनबीचा पाइप, म्हणजे ४२.४ मिमी व्यासाचा, घेतला तर हाच जोर दीडपटीहून जास्त होतो. तिथे दोन माणसं हवीत किंवा हाताने पंप मारायचा हायड्रॉलिक बेंडर.

बेंडर मी साधा धरतो: मध्ये अर्धगोल खोबण असलेली डाय, एका बाजूला पाइप अडकवून ठेवणारा हूक, आणि दांड्यावर बसवलेला रोलर. रोलर आणि पाइप यांच्यामध्ये एक लांबट, अर्धगोल खोबणीची पट्टी ठेवतात. आपण तिला गाइड म्हणू. दांडा ओढला की रोलर गाइडवरून फिरतो आणि गाइड पाइपला डायवर गुंडाळत नेते. हुकातला भाग जागचा हलत नाही, मोकळा भाग दांड्याबरोबर फिरतो. स्टँड जमिनीला बोल्टने पक्का केलेला हवा. नुसता ठेवलेला स्टँड ओढताना सरकतो किंवा उचलला जातो, आणि मग जोर धक्क्याधक्क्याने लागतो.

एक मर्यादा आधीच सांगतो. सोसायट्यांमध्ये दिसणारी चकचकीत स्टेनलेसची रेलिंग बहुधा ३८ मिमी व्यासाच्या आणि एक-दीड मिमी जाडीच्या ट्यूबची असते. ती या बेंडरवर वाकवायला जाऊ नका. व्यासाला जाडीने भागून पाहा: आपल्या पाइपचं उत्तर साडेदहाच्या आसपास येतं, तर १.२ मिमी जाडीच्या त्या ट्यूबचं तिसाच्या वर. इतकी पातळ भिंत आतून आधार दिल्याशिवाय वळत नाही, ती चेपतेच. तिथे तयार एल्बो आणून जोडावा.

डाय पाइपचीच आहे ना, हे आधी पाहा

सगळ्यात जास्त घड्या इथे पडतात, आणि दोष मात्र हाताला दिला जातो. एनबी हे नुसतं नाव आहे. फर्निचरची एक इंची ट्यूब बाहेरून २५.४ मिमी असते, एक इंची पाणपाइप ३३.७ मिमी. डायवर '२५' किंवा '१ इंच' कोरलेलं असेल तर ते पाइपसाठी की ट्यूबसाठी, हे व्हर्नियरने खोबण मोजूनच कळतं. पाइपचा तुकडा खोबणीत ठेवा. तो तळाशी आणि दोन्ही कडांना टेकला पाहिजे, डुगडुगता कामा नये. गाइडचंही तसंच तपासा.

कारण सरळ आहे. पाइप वळताना त्याची बाहेरची भिंत ताणली जाते आणि आतली दाबली जाते. आपल्या डायची त्रिज्या पाइपच्या मध्यरेषेवर १०० मिमी धरली, तर बाहेरची भिंत सुमारे १७ टक्के लांबते आणि आतली जवळजवळ तेवढीच आखडते. या ओढाताणीत पाइपचा गोल आकार चपटा व्हायला बघतो. खोबणीच्या कडा त्याला दोन्ही बगलांतून दाबून धरतात म्हणूनच तो गोल राहतो. ३३.७ च्या खोबणीत ३२ मिमीची ट्यूब ठेवली, तर बगलेत जेमतेम पावणेदोन मिमीची फट राहते. पण तेवढ्या फटीत ट्यूब पसरते, चपटी होते, आणि चपटी झालेली नळी वाकायला मऊ होते. मग पुढचं सगळं वळण त्या एकाच जागी जमा होतं. घडी म्हणतात ती हीच.

रोलर किती आवळायचा

डाय बरोबर असूनही आत सुरकुत्या येतात, त्या रोलरमुळे. बहुतेक हातबेंडरवर रोलर पुढे-मागे करायचा स्क्रू असतो. रोलर ढिला असेल तर गाइड पाइपला टेकण्याआधीच दांडा थोडा मोकळा फिरतो, आणि जोर जिथे वळण चालू आहे तिथून बराच पुढे पडतो. पाइपचा मधला तुकडा आधाराविना वळतो आणि आतल्या बाजूला लाटा उठतात. उलट रोलर फार आवळला तर जोर वळणाच्या अगदी तोंडाशी पडतो, पाइप तिथे मान आवळल्यासारखा बारीक होतो, बाहेरच्या बाजूला गाइडचे ओरखडे येतात आणि दांडाही उगाच जड लागतो.

योग्य जागा या दोहोंच्या मधली आहे: पाइप डायला जिथे स्पर्श करून सोडतो, त्याच्या किंचित पुढे दाब पडला पाहिजे. पाइप आणि गाइड जागेवर ठेवून स्क्रू हाताने आवळा. गाइडमधली फट संपली की थांबा, मग पान्याने अगदी थोडं अजून. बाकीचं तुकड्यावर पाहून ठरवायचं: आत लाटा आल्या तर थोडा आवळा, पाइप बारीक झाला तर थोडा सोडा. रोलर आणि गाइड यांच्यामध्ये ग्रीस लावा. डायची खोबण मात्र पुसून कोरडी ठेवा. तिच्यात वेल्डिंगचा एखादा छर्रा राहिला तरी तो पाइपवर कायमचा खड्डा पाडतो.

तुकड्यावर बेंडर ओळखून घ्या

सहा मीटरच्या लांबीतून आपल्याला साडेतीन मीटर लागणार आहे, त्यामुळे उरलेल्या पाइपातून चाचणीचा तुकडा काढणं महाग पडत नाही. त्याच पाइपचा तुकडा हवा. दुसऱ्या लॉटचा पाइप कमी-जास्त कडक असू शकतो.

८०० मिमीचा तुकडा घ्या, एका टोकापासून ३०० मिमीवर खूण करा. बेंडरवर वळण जिथून सुरू होतं ती शून्याची रेघ डायवर असते. नसेल तर जिथे खोबणीचा सरळ भाग संपून गोलाई सुरू होते तिथे स्वतः पंचने रेघ मारा. ३०० मिमीचा भाग हुकात, खूण शून्याच्या रेघेवर, आणि बेंड मारा. सोडल्यावर पाइप थोडा उलगडतो. गुण्या लावून तो बरोबर ९० अंश होईपर्यंत थोडंथोडं ओढा आणि ९० साठी बेंडरच्या पट्टीवर प्रत्यक्ष किती आकडा गाठावा लागला ते लिहून ठेवा. आपण ९३ धरू. म्हणजे हा पाइप ९० ला ३ अंश परततो. एमएसमध्ये दोन ते चार अंश हे नेहमीचं.

आता तो तुकडा गुण्यात ठेवून दोन्ही बाजू बाहेरून मोजा, म्हणजे टोकापासून समोरच्या बाजूच्या बाहेरच्या कडेपर्यंत. समजा एक बाजू ४१७ आली आणि दुसरी ४६०. बेरीज ८७७. त्यातून पाइपचा एक व्यास, ३४, वजा केला की मध्यरेषेवरची बेरीज ८४३ मिळते. मूळ तुकडा ८०० चा होता, म्हणजे ४३ चा फरक. या फरकाला ०.४३ ने भागलं की डायची खरी त्रिज्या येते: १०० मिमी. कॅटलॉगातल्या आकड्यापेक्षा या आकड्यावर भरवसा ठेवा. घासलेल्या डायचा, किंवा दुसऱ्याच कंपनीची गाइड लावलेल्या बेंडरचा आकडा वेगळा येतो.

शून्याची रेघ बरोबर आहे का, हेही याच तुकड्यावर कळतं. हुकातल्या बाजूचं बाहेरचं माप ४१७. त्यातून अर्धा व्यास १७ आणि त्रिज्या १०० वजा केली की ३०० उरले पाहिजेत, कारण खूण तिथेच होती. ३०४ उरले तर वळण खुणेच्या ४ मिमी पुढे सुरू होतंय. शून्याची रेघ तेवढी सरकवून घ्या आणि पुन्हा एक तुकडा वाकवून पाहा.

मापं: कोपऱ्यापासून खुणेपर्यंत

आधी पायऱ्या प्रत्यक्ष मोजा. नकाशात १५० असते, लादी बसल्यावर एखादी पायरी १४० ची आणि एखादी १६५ ची निघते. पायऱ्यांच्या नाकांवर सरळ फळी ठेवून तिचा उतार आणि लांबी घ्यावी, तीच खरी. आपल्या उदाहरणात सगळं सारखं आहे असं धरू.

खालचा खांब पहिल्या उठावाच्या ३०० मिमी अलीकडे उभा आहे आणि वरचा कोपरा ओट्याच्या कडेच्या बरोबर वर. या दोन कोपऱ्यांत आडवं अंतर १२०० मिमी आणि चढ ६०० मिमी. म्हणजे तिरकी लांबी १३४२ मिमी आणि उतार २६.५ अंश. कठड्याची उंची घरगुती जिन्याला लोक ९०० ते १००० ठेवतात. इथे मध्यरेषेपर्यंत ९००. ओट्यावर आडवा भाग ३०० मिमी, मग खाली ९००. गावात किंवा शहरात बांधकाम मंजुरीची अट असेल तर उंची त्याप्रमाणे घ्या, हिशोबाची रीत तीच राहते.

पाइप किती वळायचा हे दोन भागांतल्या कोनावरून नव्हे, दिशा किती बदलली यावरून मोजायचं. उभ्यापासून उताराकडे: ९० उणे २६.५, म्हणजे ६३.५ अंश. उतारापासून आडव्याकडे २६.५. आडव्यापासून खाली ९०. तिन्हींची बेरीज १८० आली पाहिजे, कारण वर जाणारा पाइप शेवटी खाली येतो. ती आली नाही तर पाइपला हात लावण्याआधी कागदावरची चूक शोधा.

आतापर्यंतची सगळी मापं टोकदार कोपऱ्यांची आहेत, आणि पाइप कोपऱ्यापर्यंत जातच नाही. तो आधीच वळायला लागतो आणि कोपरा कापून पुढे निघतो. म्हणून प्रत्येक बेंडसाठी दोन आकडे काढायचे. एक, कोपऱ्याच्या किती आधी वळण सुरू होतं. त्याला कपात म्हणू. दुसरा, वळणात पाइपची किती लांबी जाते, तो चाप.

कपात = त्रिज्या × टॅन(कोनाचा निम्मा)
चाप = त्रिज्या × कोन × ०.०१७४५

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टॅन काढताना तो अंशांवर लावलेला आहे ना एवढं पाहा. १०० मिमी त्रिज्येला आकडे असे येतात: ६३.५ अंशाला कपात ६२, चाप १११. २६.५ अंशाला कपात २४, चाप ४६. ९० अंशाला कपात १००, चाप १५७.

आता पाइपच्या एका टोकापासून चालत जाऊ. खालचा खांब ९०० चा, त्यातून ६२ गेले की सरळ भाग ८३८. इथे पहिला बेंड सुरू. १११ मिळवले की ९४९ वर तो संपतो. उतार १३४२ चा, त्याच्या एका टोकाची कपात ६२, दुसऱ्याची २४; उरले १२५६. म्हणजे दुसरा बेंड २२०५ वर सुरू आणि २२५१ वर संपतो. आडवा भाग ३०० चा, त्यातून २४ आणि १०० गेले की १७६. तिसरा बेंड २४२७ वर सुरू, २५८४ वर संपतो. शेवटच्या पायाचे ९०० उणे १००, म्हणजे ८०० मिळवले की एकूण ३३८४ मिमी.

कपात न करता नुसती कोपऱ्यांची बेरीज केली असती तर ती ३४४२ झाली असती आणि पहिली खूणच ६२ मिमी पुढे पडली असती. बेंड दोन इंच सरकतो तो असा.

खुणा करणं

पाइप ३३८४ चा कापू नका. दोन्ही टोकांना पन्नास-साठ मिमी जास्त ठेवून साडेतीन मीटरचा तुकडा घ्या. एका टोकापासून ५० मिमीवर एक ठळक रेघ मारा. हे आपलं मूळ. सगळी मापं या एकाच रेघेपासून, टेप एकदाच ताणून घ्यायची. प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजली की दर वेळी होणारी एखाद-दुसऱ्या मिमीची चूक साठत जाते.

खूण मार्करने किंवा सोपस्टोनच्या खडूने करा. अणकुचीदार स्क्रायबरची रेघ बेंडच्या बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूवर नको. तिथे खरवडलेली जागा तडा जायला निमित्त होते. रेघ पाइपभोवती पूर्ण फिरवा. कागदाची सरळ कापलेली पट्टी पाइपला घट्ट गुंडाळून तिच्या कडा एकमेकींवर बसवल्या की कडेने मारलेली रेघ आपोआप काटकोनात येते. प्रत्येक बेंडची सुरुवात आणि शेवट दोन्ही दाखवा आणि शेजारी कोन लिहा. सुरुवातीची रेघ जाड, शेवटची बारीक ठेवली तर बेंडरवर गोंधळ होत नाही.

मग पाइपवरची वेल्डची शिवण शोधा. कधी ती नखाला लागते, कधी फक्त रंगाचा पट्टा दिसतो, कधी पाइपच्या आत टॉर्च मारून बघावी लागते. शिवण वळणाच्या बाहेरही नको आणि आतही नको. ती वरच्या बगलेला ठेवायची, जिथे पाइप ना फारसा ताणला जातो ना दाबला जातो. तिच्यावर लांबलचक खडूची रेघ ओढली की दुसरा फायदा मिळतो: तिन्ही बेंडना हीच रेघ वर राहिली तर तिन्ही एकाच पातळीत येतात.

आधी कोणता बेंड

हुकाला पकडायला सरळ पाइप लागतो. पहिल्यापासून क्रमाने गेलो तर तिसऱ्या बेंडच्या वेळी हुकाकडच्या बाजूला फक्त १७६ मिमीचा सरळ तुकडा उरतो आणि त्यामागे आधीच वळलेला पाइप. बऱ्याच बेंडरवर तो बसतच नाही. म्हणून उलट जायचं: तिसरा, मग दुसरा, मग पहिला. मुळाकडचं टोक कायम हुकाच्या बाजूला, शिवण कायम वर, आणि प्रत्येक वेळी बेंडच्या सुरुवातीची जाड रेघ शून्यावर. पाइप कधीच उलटा-सुलटा करायचा नाही. टोक बदलण्यासाठी तो फिरवला की एखादा बेंड विरुद्ध दिशेला जाऊन कठड्याचा झेड होतो.

या क्रमाचा आणखी एक फायदा. ९० अंशाचा बेंड पाइपवर सगळ्यात भारी, घडी पडायचीच तर बहुधा तिथेच पडते. तो आधी मारला आणि बिघडला तर तेवढंच टोक वाया जातं, दोन चांगले बेंड त्याच्यासोबत भंगारात जात नाहीत. मात्र आडव्यातला सरळ भाग १७६ पेक्षा लहान करण्याचा मोह टाळा, कारण दुसऱ्या बेंडला गाइड त्याच भागावर टेकते. तुमच्या गाइडची लांबी आधी मोजून ठेवा.

बेंड मारताना

जमिनीवर खडूने कठड्याची मध्यरेषा पूर्ण मापाची काढून ठेवा. सूत मारून आडवी रेषा, गुण्याने उभी, आणि उतारासाठी १२०० ला ६००. कोन मोजायच्या यंत्रापेक्षा या आकृतीवर माझा जास्त विश्वास आहे. उताराच्या भागात एका अंशाची चूक १३४२ मिमीच्या टोकाला २३ मिमी होऊन दिसते, आणि जमिनीवरच्या रेषेवर ती लगेच कळते.

हुकाच्या बाजूचा लांब पाइप घोड्यावर किंवा स्टुलावर टेकवून बेंडरच्या पातळीत आणा. लोंबकळता ठेवला तर वळण तिरकं येतं. रेघ शून्यावर, शिवण वर, गाइड बसवा, रोलर टेकवा. दांडा एका लयीत, न थांबता ओढा. झटका द्यायचा नाही आणि अर्ध्यात सोडून पुन्हा जोरात सुरूही करायचं नाही. दर नव्या झटक्याला जोर आधी ज्या जागी पाइप किंचित मऊ झालाय तिथेच जातो. घाई नको, पण रेंगाळणंही नको. बोटं गाइड आणि डाय यांच्यामध्ये जाणार नाहीत हे पाहा. शेवटच्या बेंडला पाइपचा वळलेला भाग फिरतो, तेव्हा बेंडरभोवती पावणेदोन मीटरची जागा मोकळी ठेवा आणि ते टोक उचलून धरायला एक माणूस घ्या.

९० साठी ९३ लागले होते. परत येणं साधारण कोनाच्या प्रमाणात घटतं, म्हणून ६३.५ ला सुमारे ६५.५ आणि २६.५ ला सुमारे २७.५. हे अंदाज आहेत. त्याच्या एक-दोन अंश अलीकडे थांबा, पाइप काढून आकृतीवर ठेवा, मग उरलेलं ओढा. कमी वळलेला पाइप पुन्हा डायवर जातो. जास्त वळलेला एखादा अंश लांब पायाला जोर देऊन उघडता येतो, पण त्याहून जास्त उघडायला गेलात तर आतली भिंत आता ताणली जाते आणि बेंडचा आकार बिघडतो.

दुसऱ्या आणि पहिल्या बेंडच्या आधी, वळलेल्या पायावर स्पिरिट लेव्हल ठेवा. शिवणीची रेघ डोळ्याला वर दिसते, पण तीन-चार अंश इकडेतिकडे असली तरी कळत नाही. आणि कठड्यात तेवढ्यानेच एक पाय भिंतीकडे झुकतो.

घडी पडतेय हे आधी कसं कळतं

हाताला कळतं. दांड्याचा जोर बेंडभर जवळजवळ एकसारखा राहतो. तो अचानक हलका झाला की पाइप कुठेतरी बसायला लागलाय. तिथल्या तिथे थांबा. पाइप काढून आतल्या बाजूवरून नख फिरवा. नखाला हलक्या लाटा लागल्या तर रोलर ढिला आहे. आवळून त्याच बेंडचं उरलेलं वळण पूर्ण करता येतं. लाटा बारीक असतील तर कानशीने पुसून रंगाखाली जातात. पण एकच खोल खळगा दिसला तर तो बेंड संपला. उलटा वाकवून, ठोकून तो सरळ होत नाही. तिथलं लोखंड कडक झालेलं असतं आणि परत उलगडताना तडकतं. तेवढा भाग कापून टाकणं हाच मार्ग.

चपटेपणा व्हर्नियरने मोजा. बेंडच्या मधोमध पाइपचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान व्यास घ्या, फरकाला ३३.७ ने भागा. ३५ आणि ३२.६ आले तर फरक २.४, म्हणजे सात टक्के. कठड्याला मी आठ टक्क्यांपर्यंत चालवून घेतो. त्यापलीकडे सरकत्या हाताला तो भाग वेगळा लागतो.

दर वेळी चपटा होत असेल आणि डाय, रोलर दोन्ही ठीक असतील तर वाळू भरा. बारीक चाळलेली, पूर्ण वाळवलेली वाळू, एका टोकाला लाकडी बुच ठोकून, पाइप उभा करून, बाहेरून हातोडीने टकटक करत भरायची. बसेल तेवढी बसवायची आणि दुसरं बुच ठोकायचं. अर्धवट भरलेल्या वाळूचा काहीच उपयोग नाही, ती बेंडच्या जागेवरून सरकते. पाइप तापवून वाकवायचा विचार असेल तर वाळूतला ओलावा धोक्याचा आहे: वाफ होऊन बुच गोळीसारखं उडतं. वाळू भरलेल्या पाइपची टोकं वेल्डने बंद करून तर तापवूच नका. आणि जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप असेल तर तापवणं नकोच, जस्ताचा धूर छातीत जातो. या जाडीच्या पाइपला १०० त्रिज्येवर खरं तर थंडच वाकवणं पुरतं.

बसवताना

तिन्ही बेंड झाले की आकृतीवर कठडा ठेवून दोन्ही पायांच्या खालच्या कडा बघा. जास्तीचे पन्नास-साठ मिमी अजून तसेच आहेत, ते आता कापायचे. पण आकृतीवरून नव्हे, जागेवर. कठडा पायऱ्यांपाशी नेऊन उभा करा आणि आडवा भाग लेव्हलमध्ये येईपर्यंत खालून पाचर लावा. ओळंब्याने दोन्ही पाय तपासा आणि मग प्रत्येक पायावर ओट्याची व जमिनीची पातळी वेगवेगळी आखून घ्या. ओट्याला पाणी जायला दिलेला ढाळ आणि खालच्या फरशीची उंचसखल जागा यांमुळे दोन्ही पायांतून सारखी लांबी कापली जाईलच असं नाही. पायाखाली पत्र्याची प्लेट वेल्ड करणार असाल तर तिची जाडीही याच वेळी वजा करा. वेल्ड मात्र प्लेट आधी जागेवर बोल्टने बसवून, दोन-दोन टाके मारून, कठडा पुन्हा एकदा लेव्हलने पाहूनच पूर्ण करा.